शेपटीत अडकलेलं महड : न्यूक्लियस सॅम्पलिंगच्या पेपरवर थोडी टीका

डिकोडिंगबद्दल वाचायला सुरुवात केली की एक वाक्य सगळीकडे भेटतं : ग्रीडी आणि बीम सर्च सुसंगत पण कंटाळवाणा मजकूर देतात, सॅम्पलिंग वैविध्य देतं पण भरकटतं, आणि न्यूक्लियस सॅम्पलिंग या दोघांत मधला मार्ग काढतं. मुलाखतीत हे उत्तर चालून जातं. संशोधन करायचं असेल तर मात्र ते पुरत नाही, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : मॉडेलला ज्या शब्दांची शक्यता कमी वाटते, ते शब्द चुकीचे असतात.

हे गृहीतक जिथून पसरलं तो पेपर म्हणजे आरी होल्ट्झमन आणि सहकाऱ्यांचा ‘द क्युरियस केस ऑफ न्यूरल टेक्स्ट डिजनरेशन’. २०१९ मध्ये तो आर्काइव्हवर आला आणि २०२० च्या आयसीएलआर परिषदेत प्रसिद्ध झाला. पेपर चांगला आहे आणि तुम्ही तो मुळातून वाचायलाच हवा. पण तो इंग्रजीवर तपासलेला आहे. मराठीतलं एक छोटं वाक्य घेऊन तो वाचला, की त्याचं बळ कुठे आहे आणि दुबळी जागा कुठे आहे, हे दोन्ही दिसतं.

आपलं वाक्य

रायगड जिल्ह्यात महड आणि महाड अशी दोन गावं आहेत. महड खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ. अष्टविनायकांपैकी वरदविनायक तिथला. महाड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्री नदीकाठी. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं गाव. लिहिताना दोघांत फरक फक्त एका काान्याचा, आणि जिल्हाही एकच. म्हणजे ‘रायगड जिल्ह्यातील’ असं आधी लिहून मॉडेलला काही मदत होत नाही.

वाक्य असं : ‘अष्टविनायकांपैकी वरदविनायक खालापूर तालुक्यातील मह…’ इथून पुढे मॉडेलने लिहायचं आहे. धरून चालू की टोकनायझर ‘मह’ नंतर ‘ड’ किंवा ‘ा’ असे तुकडे पाडतो. खाली दिलेल्या शक्यता मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतल्या आहेत, कुठल्या मॉडेलमधून काढलेल्या नाहीत. हिशेबाची रीत मात्र खरी आहे, आणि ती तुम्ही कुठल्याही मॉडेलवर वापरू शकता.

ग्रीडी आणि बीम : चूक शोधण्यात की मॉडेलमध्ये?

समजा मॉडेलला या भागाची बऱ्यापैकी माहिती आहे. ‘मह’ नंतर ते ‘ा’ ला ०.५५ शक्यता देतं, ‘ड’ ला ०.४०, आणि उरलेले ०.०५ बाकी सगळ्यांना.

ग्रीडी डिकोडिंग दर पायरीला सर्वांत मोठा आकडा उचलतं. त्यामुळे ते ‘ा’ घेतं आणि ‘महा’ पाशी येतं. पण ‘ा’ ला ०.५५ मिळाले ते एकट्या महाडमुळे नाहीत. महाराष्ट्र, महामार्ग, महाविद्यालय, या सगळ्यांची सुरुवात ‘महा’ नेच होते, आणि सगळ्यांचं वजन त्या एका कान्यावर जमा झालं आहे. पुढच्या पायरीला ते विखुरतं : ‘ड’ ०.४०, ‘राष्ट्रातील’ ०.३५, इतर ०.२५. ग्रीडी ‘ड’ घेतं. महाड झालं. मग ‘येथे’, समजा ०.७०. एकूण गुणाकार ०.५५ × ०.४० × ०.७० म्हणजे ०.१५४.

आता ग्रीडीने सोडून दिलेली वाट बघा. ‘ड’ ०.४० ला घेतला असता तर महड तयार होऊन पुढे ‘येथे’ ०.९० ला मिळालं असतं, कारण वरदविनायक आणि महड एकत्र आल्यावर मॉडेल निश्चिंत असतं. ०.४० × ०.९० म्हणजे ०.३६. म्हणजे मॉडेलच्या स्वतःच्या मतानेही ‘महड येथे’ ही वाट दुपटीहून जास्त शक्य होती. ग्रीडी पहिल्याच वळणावर चुकलं आणि त्याला मागे फिरता येत नाही.

बीम सर्च इथेच कामाला येतं. बीमची रुंदी २ ठेवली तर पहिल्या पायरीनंतर ‘महा’ (०.५५) आणि ‘महड’ (०.४०) दोन्ही हातात राहतात. दुसऱ्या पायरीला दोघांचे सगळे पुढचे तुकडे एकाच यादीत उतरतात : ‘महड येथे’ ०.३६, ‘महाड’ ०.२२, ‘महाराष्ट्रातील’ ०.१९२५. वरचे दोन ठेवायचे, बाकी सोडायचे. तिसऱ्या पायरीला ‘महाड येथे’ ०.१५४ वर घसरतं आणि ‘महड येथे आहे’ (‘आहे’ ला ०.८० धरलं तर ०.२८८) पुढे राहतं. एक वाट जास्त सांभाळली म्हणून गाव बरोबर आलं.

या प्रकारच्या चुकीला शोधातली चूक म्हणतात : मॉडेलला उत्तर ठाऊक होतं, पण शोधणाऱ्याला ते सापडलं नाही. दुसरा प्रकार मॉडेलची चूक : शोध अचूक असूनही मॉडेलच चुकीच्या वाक्याला जास्त शक्यता देतं. हा फरक कायम लक्षात ठेवा, कारण बीम रुंद करत नेलं तर फक्त पहिल्या प्रकारची चूक कमी होते. फेलिक्स स्टालबर्ग आणि बिल बर्न यांनी २०१९ मध्ये भाषांतराच्या मॉडेलवर अचूक शोध करून पाहिला, म्हणजे खरोखर सर्वाधिक शक्यतेचं वाक्य काढलं. निम्म्याहून जास्त वाक्यांसाठी मॉडेलचं सर्वांत आवडतं भाषांतर रिकामं निघालं, एकही शब्द नसलेलं. म्हणजे रोजच्या वापरात बीम सर्च बरं चालतं त्याचं एक कारण हे की ते पूर्ण शोध करत नाही. हे ऐकायला विचित्र आहे, पण डिकोडिंगवर काम करायचं तर पचवावंच लागतं.

लांब मजकुरात सुसंगती कुठे जाते

आता वाक्याऐवजी परिच्छेद हवा आहे असं समजा. कर्जत तालुक्याबद्दल दोनशे टोकन लिहा, एवढीच सूचना. इथे ‘ग्रीडी सुसंगत असतं’ हे पाठ केलेलं वाक्य कोसळतं.

होल्ट्झमन यांनी जीपीटी-२ लार्ज मॉडेलकडून प्रत्येक पद्धतीने पाच हजार मजकूर लिहून घेतले. त्यांच्या तक्त्यात ग्रीडीने लिहिलेल्या मजकुरांपैकी ७३.६६ टक्के पुनरावृत्तीत अडकले, बीमचे (रुंदी १६) २८.९४ टक्के, आणि माणसांच्या मजकुरात हे प्रमाण ०.२८ टक्के. याचं कारणही त्यांनी नीट दाखवलं आहे. एखादं वाक्य एकदा पुन्हा आलं की ते तिसऱ्यांदा येण्याची शक्यता वाढते, चौथ्यांदा आणखी वाढते. चाकोरी जितकी खोल, तितकं बाहेर पडणं कठीण.

मराठीत ही चाकोरी आधीच खणून ठेवलेली आहे. मराठी विकिपीडियावर गावांचे कितीतरी लेख एकाच साच्यातले आहेत : अमुक हे तमुक जिल्ह्यातील ढमुक तालुक्यातील एक गाव आहे. मराठीत वेबवरचा मजकूर मुळात कमी, त्यामुळे अशा साच्याचा प्रशिक्षणातला वाटा मोठा. ‘कर्जत तालुक्यातील’ एवढं लिहिलं की सर्वांत शक्य पुढचा मजकूर साच्यातलाच असणार. ग्रीडी त्यात शिरतं, आणि मग कडाव, नेरळ, कशेळे अशी गावं तरी बदलत राहतात, किंवा तेच गाव पुन्हापुन्हा येतं. प्रत्येक वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि परिच्छेद म्हणून निरर्थक. याला सुसंगत म्हणायचं का?

पेपरचं खरं योगदान मला इथे वाटतं. सर्वाधिक शक्यता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. त्याच मॉडेलने माणसांच्या मजकुराची परप्लेक्सिटी १२.३८ मोजली, ग्रीडीच्या मजकुराची फक्त १.५०. परप्लेक्सिटी म्हणजे मॉडेल दर पायरीला सरासरी किती पर्यायांत घुटमळतं त्याचं माप समजा. माणूस लिहितो तेव्हा मॉडेल साधारण बारा पर्यायांत गोंधळलेलं असतं. ग्रीडी लिहितं तेव्हा त्याला जवळजवळ काहीच नवीन वाटत नाही. माणसं सर्वांत अपेक्षित शब्द सतत बोलत नाहीत. बोलली तर समोरचा ऐकणं बंद करतो.

टॉप-के आणि न्यूक्लियस : मराठीत कोण जिंकतं

मग फासा टाकायचा, म्हणजे शक्यतांनुसार चिठ्ठी काढायची. पण सगळ्या टोकनसंग्रहातून काढली तर दर वेळी बारीकशी शक्यता असलेली हजारो टोकनं मिळून एक जाड शेपटी तयार होते, आणि कधीतरी त्यातलं भलतंच बाहेर येतं. ही शेपटी छाटण्याच्या दोन रीती आहेत. टॉप-के मध्ये पहिली ठरावीक टोकनं ठेवायची, मग ती दहा असोत की चाळीस. अँजेला फॅन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गोष्टी लिहिण्यासाठी ही रीत वापरली. न्यूक्लियसमध्ये संख्या ठरवायची नाही. वरून टोकनं घेत जायचं आणि त्यांच्या शक्यतांची बेरीज ठरलेल्या मर्यादेला, समजा ०.९५ ला, पोहोचली की थांबायचं.

दोन जागा घ्या. पहिली : ‘कर्जतहून खोपोलीला जाणारी’. पुढे लोकल, गाडी, बस, एसटी, रिक्षा, वाट, शेवटची, पहिली, सकाळची, काहीही येऊ शकतं. इथे चाळीस पर्यायही कमी पडतील. दुसरी : ‘खोपो’. पुढे ‘ली’ येणार हे मॉडेलला ०.९९ शक्यतेने माहीत आहे. इथे के = ४० म्हणजे एका बरोबर टोकनासोबत एकोणचाळीस कचऱ्याची टोकनं आत घेणं. न्यूक्लियस पहिल्या जागी शंभरेक टोकनं ठेवेल आणि दुसऱ्या जागी एकच.

‘एक टक्काच तर आहे’ असं वाटेल. पण फासा एकदा पडत नाही. दर पायरीला एक टक्का धोका असेल तर पंधरा टोकनांचं वाक्य धड बाहेर पडण्याची शक्यता ०.९९ चा पंधरावा घात, म्हणजे ८६ टक्के. तेच वाक्य साठ टोकनांत मोडलं तर ५५ टक्के. दोनशे टोकनांना १३ टक्के.

आणि मराठी वाक्य नेमकं असंच मोडतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. जीपीटी-२ चा टोकनायझर बाइटवर चालतो आणि इंग्रजी मजकुरावर शिकलेला आहे, त्यामुळे त्यात मराठी शब्द अक्षरापेक्षाही लहान तुकड्यांत फुटतो. यातली बहुतेक टोकनं ‘खोपो’ नंतरच्या ‘ली’ सारखी असतात : शब्द एकदा ठरला की उरलेले तुकडे जवळजवळ निश्चित. खरा निर्णय शब्दाच्या सुरुवातीला होतो. म्हणजे मराठीत निश्चित जागा जास्त आणि सपाट जागा कमी, आणि प्रत्येक निश्चित जागेवर टॉप-के कचऱ्याला दार उघडं ठेवतं. ते दार न्यूक्लियस बंद करतं. मजेची गोष्ट ही की पेपरच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद ज्या प्रकारच्या भाषेतून मिळतो, ती पेपरमध्ये तपासलेलीच नाही.

टीका पहिली : तुलना कोणाशी

‘न्यूक्लियसने टॉप-केला हरवलं’ असं सगळे म्हणतात. तक्त्यात नीट बघा. के = ४० असताना टॉप-केची परप्लेक्सिटी ६.८८, माणसांच्या १२.३८ पासून बरीच दूर. न्यूक्लियसची (०.९५) १३.१३. फरक मोठा आहे. पण त्याच तक्त्यात के = ६४० ची ओळ आहे : परप्लेक्सिटी १३.८२, पुनरावृत्ती ०.२८ टक्के, अगदी माणसांइतकी. ह्यूस या मापात, जे माणसांचा कौल आणि मॉडेलची शक्यता एकत्र करतं, के = ६४० ला ०.९४ आणि न्यूक्लियसला ०.९७. के = ४० ला ०.१९.

म्हणजे मोठी दरी आहे ती पद्धतींमध्ये कमी आणि के च्या निवडीत जास्त. लेखकांनी ही ओळ लपवलेली नाही, ती छापलेली आहे. पुढे सांगणाऱ्यांनी ती गाळली. दोन छाटण्यांची तुलना करायची तर दोन्ही एकाच वैविध्यावर आणून मग गुणवत्ता बघायला हवी. २०२० मध्ये ह्यू झांग आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. त्यांचा निष्कर्ष : वैविध्याला प्राधान्य असेल तेव्हा पद्धतींमध्ये फारसा फरक उरत नाही, गुणवत्तेला प्राधान्य असेल तेव्हा न्यूक्लियस सरस ठरतं. हा निष्कर्ष मूळ घोषणेपेक्षा लहान आहे आणि जास्त विश्वासार्ह आहे. तुमच्या प्रबंधात के = ४० विरुद्ध ०.९५ अशी एकच तुलना असेल, तर परीक्षक इथेच बोट ठेवतील.

टीका दुसरी : शेपटीत काय आहे

आता महडकडे परत येऊ. या वेळी मॉडेल खालापूरबद्दल फारसं जाणत नाही असं धरा. लहान गावांबाबत हेच जास्त घडतं. ‘मह’ नंतर ‘ा’ ०.९०, ‘त्त्वाच्या’ ०.०६, ‘ड’ ०.०३, इतर ०.०१.

न्यूक्लियस, मर्यादा ०.९५ : ‘ा’ आणि ‘त्त्वाच्या’ मिळून ०.९६ झाले. थांबा. ‘ड’ बाहेर. आता शंभर वेळा लिहून घ्या की दहा हजार वेळा, महड एकदाही येणार नाही. जे पेपरच्या भाषेत अविश्वसनीय शेपटी, तिच्यातच बरोबर उत्तर होतं, आणि चुकीचं उत्तर डोक्याशी दिमाखात बसलं होतं. टॉप-के (४०) मात्र ‘ड’ ला तिसऱ्या क्रमांकावर ठेवतं. शंभरांत सरासरी तीन वेळा महड येईल.

यावरून टॉप-के चांगलं असा अर्थ काढू नका. बाकीच्या सत्त्याण्णव वेळा तेही चुकतंच, आणि बीमही इथे महाडच काढेल, कारण ही मॉडेलची चूक आहे. मुद्दा वेगळा आहे. ‘शेपटी म्हणजे कचरा’ हे विधान व्याकरणाबाबत बहुतेक वेळा खरं आहे : ‘खोपो’ नंतर ‘ली’ सोडून काहीही कचराच. वस्तुस्थितीबाबत ते खरं असेलच असं नाही. ज्या गावाबद्दल वेबवर थोडंच लिहिलं गेलंय, त्याचं सत्य कमी शक्यतेचंच असणार. छाटणी करताना अल्गोरिदमला हे दोन प्रकार वेगळे दिसत नाहीत. त्याला फक्त आकडा दिसतो.

पुढे जे होतं ते जास्त वाईट. महाड हे टोकन एकदा पडलं की मॉडेल त्याच्याशी सुसंगत राहतं. सावित्री येईल, चवदार तळं येईल, कदाचित वरदविनायक सावित्रीकाठी जाऊन बसेल. मजकूर ओघवता, एकसंध आणि खोटा. सुसंगतीच्या कुठल्याही मापाला तो चांगलाच वाटणार, कारण त्यात सुसंगती आहेच.

आणि पेपरच्या मोजमापात हे पकडणारं काहीच नाही. परप्लेक्सिटी, झिफचा घातांक, सेल्फ-ब्लू, पुनरावृत्ती, ही सगळी मापं मजकुराच्या चेहऱ्याची आहेत. ह्यूससाठी माणसांना विचारतात की हा मजकूर कितपत नेहमीसारखा वाटतो. खालापूर न पाहिलेल्या माणसाला महाडमधला वरदविनायक अगदी नेहमीसारखा वाटेल. लेखकांना हे मोजायचंच नव्हतं, हे मान्य. पण ‘वैविध्य विरुद्ध सुसंगती’ या एका पट्टीवर सगळं बसवलं की खरेपणा नावाची तिसरी दिशा नजरेआड होते, आणि पुढचे वाचक पट्टीच्या मधोमध असलेल्या मजकुराला बरोबर समजू लागतात.

तुमच्या मॉडेलवर कसं तपासायचं

पहिली पायरी, दोन्ही वाक्यांना मॉडेल किती शक्यता देतं ते मोजा. काही लिहून घ्यायचं नाही, फक्त तयार वाक्य पुढे ठेवून बेरीज करायची :

```python
def score(prefix, rest):
    a = tok(prefix, return_tensors="pt").input_ids
    b = tok(rest, add_special_tokens=False,
            return_tensors="pt").input_ids
    ids = torch.cat([a, b], dim=1)
    with torch.no_grad():
        lp = model(ids).logits.log_softmax(-1)
    n = a.shape[1]
    return lp[0, n-1:-1].gather(1, b[0].unsqueeze(1)).sum().item()
```

सुरुवात ‘तालुक्यातील’ पाशी तोडा आणि ‘ महड येथे आहे.’ व ‘ महाड येथे आहे.’ हे दोन शेवट द्या, पुढची मोकळी जागा शेवटात धरून. गाव शब्दाच्या मधे तोडू नका, नाहीतर टोकनायझर एरवी पाडतो त्याहून वेगळे तुकडे पडतील. इथे टोकनसंख्येने भागूही नका. आपल्याला त्या वाटेचा एकूण वाटा हवा आहे.

महडचा आकडा मोठा आला आणि ग्रीडीने महाड लिहिलं, तर ती शोधातली चूक. बीम वापरून बघा. महाडचा आकडा मोठा आला, तर मॉडेलची चूक. मग तिसरा प्रश्न : महडची वाट ज्या टोकनाला फुटते, तिथे त्याच्या वरच्या सगळ्या टोकनांची बेरीज किती? ती तुमच्या मर्यादेइतकी किंवा जास्त असेल, तर न्यूक्लियसने उत्तर छाटलं आहे आणि कितीही नमुने काढून उपयोग नाही.

दुसरी पायरी, तुम्ही खरोखर न्यूक्लियसच वापरताय का ते बघा. ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररीत बराच काळ `top_k` चं मूळ मूल्य ५० राहिलं आहे. म्हणून ही ओळ दिसते तशी नाही :

```python
model.generate(**x, do_sample=True, top_p=0.95)
```

इथे आधी टॉप-के ५० लागतं आणि उरलेल्यांवर ०.९५. सपाट जागी जिथे न्यूक्लियसने शंभरेक टोकनं ठेवली असती, तिथे जास्तीत जास्त पन्नासच उरतात. शुद्ध न्यूक्लियस हवं तर `top_k=0` स्पष्ट लिहा, आणि निकाल मांडताना दोन्ही मूल्यं द्या.

तिसरी पायरी, छाटणी पूर्ण बंद करून तोच प्रश्न वीसेक वेळा विचारा. ‘कर्जत तालुका कोणत्या जिल्ह्यात आहे’ याला दोन बरोबर उत्तरं आहेत, कारण एक कर्जत रायगडात आणि दुसरं अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. ग्रीडी दर वेळी एकच सांगेल आणि ठाम वाटेल. वीस नमुन्यांत दोन्ही जिल्हे आले तर मॉडेलला दोन्ही ठाऊक आहेत हे कळतं. वैविध्याचा हा उपयोग ‘सर्जनशील मजकूर’ या नेहमीच्या समर्थनात येत नाही : ते मॉडेलच्या मनातली विभागणी दाखवतं.

मॉडेलची चूक निघाली तर डिकोडिंगच्या खुंट्या पिळत बसू नका. ०.०३ चं सत्य कुठलीही छाटणी ०.९० करणार नाही. ‘खोपोलीजवळ खालापूर तालुक्यात महड हे गाव आहे’ असं वाक्य संदर्भात आधी द्या आणि पुन्हा मोजा. ‘ड’ वर चढायला हवा. असं केलं की काम मोकळ्या लेखनाचं राहत नाही, भाषांतर किंवा सारांशासारखं बांधलेलं होतं, आणि तिथे बीम पुन्हा योग्य ठरतं. मोकळं आणि बांधलेलं असा फरक पेपरनेच केला आहे, पण तो भाग फार थोडे लोक उद्धृत करतात.

पेपर वाचताना तक्त्याची प्रत्येक ओळ वाचा, विशेषतः जी कुणी पुढे सांगत नाही ती. आणि नव्या डिकोडिंग पद्धतीचा दावा समोर आला की तिच्या मापांत खरेपणाचा रकाना आहे का ते बघा. नसेल तर आपल्या भागातली अशी पन्नास वाक्यं, एका कान्याने बदलणारी गावं असलेली, गोळा करून तो रकाना तुम्हीच भरू शकता.